आत्याचे तीन कागद

पुणे,
रविवार

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले आत्याचे तिन्ही कागद नीट वाचले. फोनवर तू सारखा एकच वाक्य म्हणत होतास, "शेवटचा कागद तोच खरा." आत्याच्या पुतण्यानेही तेच डोक्यात धरलंय, म्हणून तर तो तो तिसरा कागद सगळ्यांना दाखवत फिरतोय. पण कायदा नुसती तारीख बघत नाही. रीतसर केलेल्या कागदांपैकी शेवटचा कोणता, हे बघतो.

आधी या भांडणात कुणाचं काय पणाला लागलंय ते सांगतो. २००९ च्या मृत्युपत्रात कोल्हापूरचं घर तुला, कागलजवळचं शेत पुतण्याला आणि बँकेतल्या ठेवी तुम्हा दोघांत निम्म्या-निम्म्या. २०१६ च्या पुरवणीत शेत पुतण्याकडून काढून त्याच्या बहिणीला. आणि २०१९ च्या कागदात दोनच ओळी: "मी माझे २००९ चे मृत्युपत्र रद्द करीत आहे." नवी वाटणी काहीच नाही. हा कागद टिकला तर आत्या मृत्युपत्राविनाच गेली असं धरायचं. मूलबाळ नसलेली हिंदू विधवा अशी गेली, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे तिची मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी माहेरकडे वळते. तुझ्या आत्याने घर शिक्षिकेच्या पगारातून घेतलं आणि शेत तर यजमानांचंच. म्हणजे माहेरकडे काहीच नाही. तिचे सासूसासरे आणि दीर आधीच गेलेले, यजमानांना दुसरं भावंड नाही, तेव्हा सगळं दिराच्या मुलाला आणि मुलीला समान मिळेल. तुला शून्य. आज पुतण्याच्या पदरात फक्त निम्म्या ठेवी आहेत, आणि रद्दचा कागद टिकला तर निम्मं घर, निम्मं शेत, निम्म्या ठेवी. ज्या माणसाला मृत्युपत्रात शेत मिळत होतं, तोच आता मृत्युपत्र नको म्हणतोय, त्याचं कारण हे.

आता तो २०१९ चा कागद. अक्षर आत्याचं आहे, सहीही तिचीच वाटते, ते मी वादात धरत नाही. पण सहीखाली साक्षीदार एकच आहे, त्या खालच्या मजल्यावरच्या बाई. मृत्युपत्र कसं करायचं हे भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ मध्ये आहे. करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा आणि किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येक साक्षीदाराने एकतर करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं, नाहीतर "ही माझीच सही" असं करणाऱ्याने त्याला स्वतः सांगितलेलं असावं. मग साक्षीदाराने करणाऱ्यासमोर आपली सही करायची. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असायला हवेत असं नाही, एक सकाळी आला आणि दुसरा संध्याकाळी तरी चालतं. स्टँप पेपर लागत नाही, ठरावीक मसुदा लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. कायदा इतक्या ठिकाणी सैल आहे, पण दोन साक्षीदारांच्या बाबतीत तसूभर सैल नाही.

तू म्हणशील, हे मृत्युपत्र कुठे आहे, ती तर नुसती रद्द करतेय. लोक इथेच फसतात. रद्द करण्याची रीत कलम ७० मध्ये आहे. नवं मृत्युपत्र किंवा पुरवणी करून जुनं रद्द करता येतं, किंवा रद्द करायचा इरादा जाहीर करणारा लेख लिहूनही करता येतं, पण तो लेख मृत्युपत्रासारखाच सही-साक्षीने पुरा झालेला पाहिजे. कागदच नष्ट करायचा, तर रद्द करायच्या इराद्याने जाळणं, फाडणं किंवा तसाच नाश करणं हवं, आणि तो करणाऱ्याने स्वतः किंवा त्याच्या समोर, त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने केलेला हवा. आत्याने फाडलं नाही, जाळलं नाही, आणि रद्दच्या लेखावर साक्षीदार एकच. म्हणून २०१९ चा कागद नवं मृत्युपत्र म्हणून तर नाहीच, पण रद्दपत्र म्हणूनही उभा राहत नाही. आता कुणी दुसरा साक्षीदार जोडायचा म्हटला तर तेही शक्य नाही, कारण सही तिच्यासमोर व्हायला हवी होती.

तरी या कागदावर एक गोष्ट आहे जिची मला खरी काळजी वाटते. तळाशी नोटरीचा शिक्का आणि सही आहे. पुतण्याचा वकील म्हणणार की नोटरीसमोर तिने सही केली आणि नोटरीने तिच्यासमोर केली, मग तोच दुसरा साक्षीदार. आपलं उत्तर असं, की साक्षीदार व्हायचं तर साक्षीदार म्हणून सही करायचा हेतू लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये अब्दुल जब्बार साहिब यांच्या प्रकरणात हाच मुद्दा मांडला. नोंदणी अधिकाऱ्याने आपलं कर्तव्य म्हणून केलेली सही आपोआप साक्षीदाराची सही होत नाही. तोच तर्क नोटरीला लागू करता येतो. पण "लागू करता येतो" म्हणजे "जिंकलोच" नव्हे. त्या नोटरीने शपथेवर येऊन सांगितलं की आत्याने त्यालाही साक्षीदार राहायला सांगितलं होतं, तर चित्र बदलेल. २००९ चं मृत्युपत्र रद्द ठरेल, आणि पुरवणी त्याचाच भाग असल्याने तिच्याही पायाखालची जमीन जाण्याचा धोका आहे. तेव्हा त्याच्या रजिस्टरमधली त्या तारखेची नोंद काय म्हणते ते आधी मिळव. आपला सगळा जोर तिथे हवा.

दुसरी भीती तू त्या तांबड्या रेघेची घेतलीस. मूळ मृत्युपत्रात घराच्या परिच्छेदावर आडवी तांबडी रेघ आहे, समासात "रद्द" आणि आत्याची आद्याक्षरं. मजकूर मात्र स्पष्ट वाचता येतो. कलम ७१ सांगतं की मृत्युपत्र पुरं झाल्यावर केलेली खाडाखोड किंवा मध्ये घातलेला मजकूर यांचा परिणाम शून्य, जोपर्यंत तो बदलही सही-साक्षीने पुरा केलेला नसेल. समासात त्या बदलाशेजारी तिची आणि दोन्ही साक्षीदारांची सही असती तर पुरलं असतं. अपवाद एकच, मूळ शब्दच वाचता येऊ नयेत इतकं खोडलेलं असेल तर. इथे तसं नाही, घर तुझ्या नावावरच आहे. इंग्लंडमध्ये १८७७ मध्ये चीझ विरुद्ध लव्हजॉय असा एक खटला झाला. त्या गृहस्थाने मृत्युपत्रावर रेघा मारल्या, मागे "रद्द" लिहिलं आणि ते रद्दीत फेकलं. मोलकरणीने ते उचलून स्वयंपाकघरात ठेवलं, आणि त्याच्या मृत्यूपर्यंत ते तिथेच राहिलं. न्यायालयाने ते रद्द मानलं नाही. इरादा भरपूर होता, पण नाश झाला नव्हता, आणि दोन्ही लागतात. आपल्या कायद्याची ही कलमं त्याच घराण्यातली आहेत.

राहिली २०१६ ची पुरवणी, जिला आम्ही कोर्टात कोडिसिल म्हणतो. पुतण्या म्हणतो की मृत्युपत्र नोंदणीकृत आहे, साध्या कागदाने ते कसं बदलेल. बदलतं. नोंदणी ही सोय आहे, पुराव्याला बळ देते, पण नोंदणीकृत मृत्युपत्र साध्या कागदाने बदलायला कायद्यात कुठेही मनाई नाही. पुरवणी म्हणजे मृत्युपत्राचा खुलासा करणारा, त्यात बदल किंवा भर घालणारा लेख, आणि तो मृत्युपत्राचाच भाग समजला जातो. दोन्ही जिथे विसंगत आहेत तिथे पुरवणी चालते, बाकी मृत्युपत्र जसंच्या तसं राहतं. म्हणून शेत पुतणीला गेलं, ठेवींबद्दल पुरवणी गप्प आहे म्हणून त्या निम्म्या-निम्म्या राहिल्या, आणि घर तुझं. पण पुरवणीलाही सिद्ध करायची रीत मृत्युपत्राचीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये भगतराम विरुद्ध सुरेश या निकालात स्पष्ट केलंय.

पुरवणीला दोन साक्षीदार आहेत, एक वारले आणि एक डॉक्टर हयात आहेत. मृत्युपत्र सिद्ध करायला किमान एक हयात साक्षीदार कोर्टात बोलवावा लागतो. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ६८ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ६७ आहे. पण एक साक्षीदार बोलवला की काम झालं असं समजू नकोस. आपल्याकडच्याच जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम या खटल्यात बोलावलेल्या साक्षीदाराने स्वतःच्या सहीचं सांगितलं, पण दुसऱ्यानेही करणाऱ्यासमोर सही केली हे सांगितलं नाही. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यामुळे ते मृत्युपत्र सिद्ध झालं नाही असा निकाल दिला. म्हणून डॉक्टरांना भेट आणि नेमकं एवढंच विचार: आत्याने तुमच्यासमोर सही केली का? तुम्ही तिच्यासमोर केली का? आणि ते दुसरे गृहस्थ? त्यांना उत्तरं पढवू नकोस, उलटतपासात पढवलेलं पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं. त्यांना दुसऱ्या सहीबद्दल काही आठवत नसेल तर मला लगेच कळव. दुसरे गृहस्थ हयात नाहीत, त्यामुळे त्यांच्या सहीबद्दल वेगळा पुरावा आणायची वाट पूर्ण बंद नाही, पण ती अवघड आहे. त्यांची जुनी सही असलेले बँकेचे किंवा सोसायटीचे कागद आतापासून शोधून ठेवलेले बरे.

आणखी एक. तलाठ्याकडे पुतण्याने फेरफाराचा अर्ज दिलाय म्हणून घाबरू नकोस. तुम्ही लेखी हरकत घेतलीत की नोंद तक्रारी रजिस्टरला जाते. मृत्युपत्र खरं की खोटं हे ठरवायचा अधिकार महसूल खात्याला नाही, आणि सातबाऱ्यावर नाव चढल्याने कुणी मालक होत नाही. हरकत मात्र पुतणीनेच दिली पाहिजे, शेत तिचं आहे. तिच्याशी बोलून घे. तिला पुरवणी टिकायला हवी आणि तुला मृत्युपत्र, दोघांचं हित एकच आहे. भाऊबहिणीत वाद लावतोय असा आरोप तुझ्यावर होईल, तो सोस.

मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नकोस, पिना काढू नकोस, त्या तांबड्या रेघेला तर हातही लावू नकोस. नोटरीच्या नोंदीचं काम याच आठवड्यात कर आणि डॉक्टर काय म्हणतात ते कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अण्णा