त्या रात्री फोन न ठेवणाऱ्या स्वयंसेविकेस

आदरणीय ताई,

त्या रात्री आपल्या हेल्पलाइनला फोन केला तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आपल्याआधी मी दुसऱ्या एका हेल्पलाइनला फोन लावला होता. तिथे दोन-चारदा ‘हॅलो’ झाले आणि ‘बोलायचे नसेल तर लाइन अडवून ठेवू नका’ असे सुनावून फोन ठेवण्यात आला. न बोलणाऱ्यांत काही जण थट्टेखोर असतात हे खरे. पण थट्टा करणारा कोण आणि तोंडून शब्दच न फुटणारा कोण, हे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळत नाही, आणि ते कळेपर्यंत थांबण्याची तिथे तयारी नव्हती.

आपण ‘मी इथेच आहे, घाई नाही’ एवढेच म्हणून थांबलात. थोड्या वेळाने म्हणालात, ‘मी मधूनमधून बोलेन, ते तुमच्याकडून उत्तर काढण्यासाठी नव्हे, लाइन चालू आहे हे तुम्हाला कळावे म्हणून.’ त्या रात्री मला सर्वांत जास्त धीर दिला तो या वाक्याने. समोर बसलेला माणूस गप्प असला तरी त्याचा चेहरा दिसतो. फोनवर मात्र पलीकडचा ऐकतो आहे, कंटाळला आहे की निघून गेला आहे, हे समजायला काही मार्ग नसतो. आणि तो सतत प्रश्न विचारू लागला, तर न दिलेल्या प्रत्येक उत्तराचे दडपण पुढच्या प्रश्नावर चढते. आपण या दोन्ही गोष्टी टाळल्यात.

जवळ कोणी असल्यामुळे बोलता येत नाही का, असे विचारून आपण मला फोनवर बोटाने टिचकी मारायला सांगितलेत: एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि प्रश्नच चुकला असेल तर सलग कितीही. त्या तिसऱ्या सोयीमुळे, आपल्या अंदाजात मला कोंबून बसवले जात नाही, असे मला वाटले. मग जीव देण्याचे विचार मनात येत आहेत का, हे आपण आडवळण न घेता, आवाजही न बदलता विचारलेत. जे शब्द माझ्या तोंडून निघत नव्हते ते आपण उच्चारलेत. माझ्याकडे केवळ एक टिचकी उरली. या क्षणी मी सुरक्षित आहे का, कोणाला बोलावता येईल का, हे प्रश्नही आपण एका वेळी एकच आणि प्रत्येकानंतर वाट पाहत विचारलेत. अनोळखी माणसाच्या मौनावर संशय न घेण्याची ही सभ्यता मला घरच्या माणसांतही क्वचितच दिसली आहे.

फोन संपवायची वेळ जवळ आल्याचेही आपण आधी सांगितलेत. पुढच्या वेळी दुसरे कोणी फोन उचलेल, त्यांना यातले काही ठाऊक नसेल, तेव्हा शब्द सुचला नाही तर आधी टिचकी वाजवा, असेही सुचवलेत. मी तसेच केले, आणि त्या दुसऱ्या फोनवर हळूहळू बोलू शकले. आपल्याशी बोलायचे तेवढे राहून गेले, म्हणून हे लिहिले.

आपली कृतज्ञ,
त्या रात्री फोन करणारी