म्युनिकची खोली आणि १९३० हेल्पलाइन : परराष्ट्र व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी कोथरूडची. परदेशातल्या खोलीच्या नावाखाली आमची फसवणूक झाली, त्याबद्दल लिहितेय. मुलाला म्युनिकला मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला, तेव्हा त्याने लगेच तिथल्या विद्यार्थी वसतिगृहासाठी अर्ज केला. प्रतीक्षायादी लांबलचक होती. व्हिसा हातात आला, तिकीट काढलं, तरी राहायला जागा नव्हती. तेवढ्यात नेटवर श्वाबिंग भागातली खोली दिसली. २२ चौरस मीटर, वीज-पाण्यासह भाडं ४८० युरो. त्या भागात चौघांत वाटून घेतलेल्या घरातली एक खोलीसुद्धा ७००-८०० च्या खाली सहसा मिळत नाही, हे आम्हाला नंतर कळलं.

मालकीणबाई म्हणे कामानिमित्त परदेशी होत्या, त्यामुळे खोली दाखवता येणार नव्हती. पैसे आले की किल्ली कुरिअरने पाठवणार होत्या. विश्वास बसावा म्हणून त्यांनी स्वतःच्या पासपोर्टची प्रत पाठवली आणि मुलाचीही मागितली. आम्ही दिली. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं मिळून १,४४० युरो, म्हणजे जवळपास दीड लाख रुपये, आमच्या बँकेतून गेले. बँकेने परदेशी पैसे पाठवण्यासाठीचा ए-२ अर्ज भरून घेतला, पैसे कशासाठी हे विचारलं, आम्ही 'शिक्षण' लिहिलं. पैसे घेणारा नेमका कोण, याची चौकशी कोणी केली नाही. खातं क्रमांकाची पहिली दोन अक्षरं ES होती, म्हणजे खातं स्पेनमधलं. जर्मनीतलं खातं DE ने सुरू होतं. दुसऱ्या देशात खातं असणारा प्रामाणिक मालकही असू शकतो, पण आम्हाला निदान प्रश्न तरी पडायला हवा होता.

आठवड्याने 'विम्यासाठी' आणखी ६०० युरो मागितले. तेव्हा मुलाने तिथे शिकणाऱ्या एका सीनियरला पत्त्यावर पाठवलं. जर्मनीत आपल्यासारखे फ्लॅट नंबर सहसा नसतात, दारावरच्या बेलवर आडनाव असतं. इमारत खरी होती, पण त्या बाईंचं आडनाव एकाही बेलवर नव्हतं. तो पासपोर्टही बहुधा आमच्यासारख्याच आधी फसलेल्या कुणा मुलीचा असावा.

जर्मन कायद्यातली एक गोष्ट आधी ठाऊक असती, तर आम्ही तिथेच थांबलो असतो. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे, आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होतो त्या वेळी द्यायचा असतो. किल्ली मिळण्याच्या महिनाभर आधी सगळी रक्कम मागणाऱ्याला उत्तर द्यायला एवढा नियम पुरला असता. उलट आम्हाला घाई होती ती दुसऱ्याच नियमाची. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची आणि तिच्यासाठी घरमालकाचं लेखी प्रमाणपत्र लागतं. 'नोंदणी होईल' हे दोन शब्द जाहिरातीत दिसले आणि आम्ही भुललो.

आता मुद्द्याचं. आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तिच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. देशातल्या खात्यात पैसे गेले असते, तर ते गोठवण्यासाठी तिथून हालचाल होते. आमचे पैसे स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून स्पेनला गेले होते. बँकेने परतीची विनंती पाठवली, पण पैसे खात्यात शिल्लक असतील आणि खातेदार 'हो' म्हणेल, तरच सहसा ते परत येतात. चोर कशाला हो म्हणतो! पोलीस ठाण्यात सांगितलं, गुन्हा जर्मनीतला. मुलगा तर अजून पुण्यातच होता, मग जर्मनीत तक्रार करणार कोण?

महोदय, मला जनजागृतीची पोस्टर्स नकोत. म्युनिकमध्ये आपला वाणिज्य दूतावास आहे. व्हिसा मिळालेल्या पण अजून न पोचलेल्या विद्यार्थ्याची अशी तक्रार त्याने घ्यावी आणि तिथल्या पोलिसांपर्यंत पोचवावी. आणि १९३० वर आलेली परदेशी खात्याची तक्रार त्या देशातल्या बँकेकडे अधिकृतपणे जाईल अशी वाट करून द्यावी, तीही त्याच दिवशी. आठवड्याने गेलेल्या कागदाचा काय उपयोग?

मुलगा आता तिथेच आहे. पहिले तीन आठवडे प्रवाशांच्या हॉस्टेलमध्ये काढले, रद्द करता येणारं बुकिंग करून. मग सहा महिन्यांसाठी दुसऱ्या गावी गेलेल्या एका विद्यार्थ्याची खोली पोटभाड्याने मिळाली. खोली स्वतः पाहिली, मूळ मालकाची लेखी परवानगी वाचली, किल्ली हातात घेतली आणि मगच पहिला हप्ता दिला.

दीड लाखांवर आम्ही पाणी सोडलंय. पण माझ्या मुलाच्या पासपोर्टची प्रत त्या माणसाकडे आहे आणि ती दाखवून तो आता दुसऱ्या कुणाला खोली देत असेल. याची नोंद नेमकी कुठे करायची, तेवढं आपल्या खात्याने मला कळवावं.

आपली,
एक आई
कोथरूड, पुणे