सूचना: प्रथम वर्ष एमबीबीएस स्वागत, सोमवार सकाळी 10 वाजता

द्वितीय वर्षाच्या सर्व मित्रमैत्रिणींनो,
सोमवारी अ‍ॅनाटॉमी लेक्चर हॉलमध्ये विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षा नवीन बॅचचं स्वागत करतील. भाषण पंधरा मिनिटांचं आहे. आपण 9.45 ला हजर राहायचं.

ताईंचा मुख्य मुद्दा असा: नीटमध्ये एकेका गुणावर रँक बदलत होती, इथे तसं नाही. शेजारच्याला कमी गुण मिळाले म्हणून आपण पास होत नाही. डिसेक्शनच्या टेबलावर तर एकाने नस सोडवून दाखवली की सगळ्यांनाच दिसते. मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिले काही आठवडे इंग्रजी संज्ञांनीच गांगरतात आणि वर्गात शंका विचारत नाहीत. त्यांच्याशेजारी मुद्दाम बसा.

आपल्यासाठी:
- नीटचा स्कोअर, रँक, कॅटेगरी कुणालाही विचारायची नाही, गमतीतसुद्धा नाही. जातीवरून त्रास देणं यूजीसीच्या नियमांत रॅगिंगच आहे.
- जुन्या नोट्स आणि जर्नल्स सोबत आणा. ती मागेल त्याला द्यायची आहेत.
- कुणी जेवण टाळतंय, खोलीबाहेर येत नाही असं दिसलं तर त्याच दिवशी मेंटॉर सरांना कळवा. रॅगिंगची तक्रार 1800-180-5522 वर.

सचिव, विद्यार्थी परिषद