उसाच्या रसातला बर्फ कुठून येतो?

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळा सुरू झाल्यापासून आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात बाटलीबंद शीतपेयांपेक्षा रसवंतीवरचा उसाचा रस बरा, अशा आशयाची बरीच पत्रे आली आहेत. ऊस आपल्या डोळ्यांसमोर चरकात जातो आणि रस आपल्या डोळ्यांसमोर पेल्यात पडतो, म्हणून तो ताजा आणि म्हणूनच निर्धोक, असा त्या सर्वांचा युक्तिवाद आहे. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे केमिस्ट म्हणून काम केले आणि स्वतः उन्हाळाभर रसवंतीचा रस पितो. या युक्तिवादातून दोन गोष्टी सुटतात. रस किती वेळ टिकतो, ही एक आणि त्यात पडणारा बर्फ कुठून येतो, ही दुसरी.

उसाच्या रसात साधारण 15 टक्के साखर असते आणि त्याचा सामू, म्हणजे पीएच, सव्वापाचच्या आसपास असतो. लिंबाच्या रसाची आम्लता त्यात नसते आणि पाकाचा दाटपणाही नसतो. याचा अर्थ असा की, जिवाणूंना आणि किण्वांना, म्हणजे यीस्टला, वाढायला याहून सोयीचे द्रव क्वचितच सापडेल. कारखान्यात हे आम्हाला रोज दिसायचे. गिरणीतून निघालेला रस तिथे काही मिनिटांत तापवला जातो आणि चुना घालून पुढे उकळला जातो. गुऱ्हाळावरही रस काहिलीत पडला की लगेच जाळ लावतात, तो याच कारणाने. गिरणीच्या रोलरवर, पन्हळीत आणि जाळीवर रस साचून राहिला, तर तिथे काही तासांत बुळबुळीत थर धरतो. ल्यूकोनॉस्टॉक नावाचे जिवाणू साखर खाऊन डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार करतात, त्याचा तो थर असतो. तो काढण्यासाठी प्रत्येक पाळीत गिरणीवर गरम पाणी आणि वाफ मारावी लागते. ते काम चुकले की आधी साखर कमी पडते आणि नंतर पाकात दाणा धरायला उशीर होतो. तिथे नुकसान साखरेचे होते, म्हणून सगळे जण जागे असतात.

रसवंतीच्या चरकावर हेच घडते, फक्त तिथे मोजणारा कोणी नसतो. सकाळी दहा वाजता पहिला पेला निघतो आणि दुपारी तीनपर्यंत गिऱ्हाइके तुरळक येत राहतात. मधल्या काळात रोलरच्या खाचांत, खालच्या पत्र्यावर, गाळणीत आणि रस गाळायच्या फडक्यात ओल तशीच राहते. दुपारी तीनचा पेला डोळ्यांसमोर काढलेला असला, तरी तो या शिळ्या ओलीवरून वाहून आलेला असतो. दर दोन तासांनी चरकावर स्वच्छ पाण्याचा जोरदार मारा केला आणि फडक्याऐवजी स्टीलची जाळी वापरली, तर परिस्थिती बरीच सुधारते. उसाची दोन्ही टोके बोटभर छाटून टाकणेही तितकेच आवश्यक आहे, कारण ऊस आंबायला कापलेल्या तोंडापासूनच सुरुवात होते. आतून लाल पडलेला आणि आंबूस वासाचा ऊस तर चरकात घालूच नये.

रस किती टिकतो, हे मी गेल्या मार्च महिन्यात घरी पाहिले. ओळखीच्या रसवंतीवरून सकाळी अकरा वाजता बर्फ आणि लिंबू न घालता एक लिटर रस उकळत्या पाण्याने धुतलेल्या बाटलीत आणला आणि त्याचे तीन भाग केले. एक तसाच ओट्यावर ठेवला, दुसऱ्यात अर्धे लिंबू पिळून तोही ओट्यावरच ठेवला आणि तिसरा फ्रिजमध्ये ठेवला. खोलीत 34 अंश तापमान होते. साध्या रसाचा हिरवट रंग बारा वाजेपर्यंतच मातकट झाला, पण चव मात्र दोन वाजेपर्यंत चांगली होती. हा रंगबदल उसातल्याच एका विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, हवेशी संयोग होऊन घडतो. कापलेले सफरचंद काळे पडते तसाच हा प्रकार असल्याने केवळ रंगावरून रस खराब झाला, असे म्हणता येत नाही. चार वाजता मात्र तळातून बारीक बुडबुडे वर येऊ लागले, ताडीसारखा वास आला आणि पीएच कागदावर सामू साडेचारपर्यंत उतरलेला दिसला. सायंकाळी बोटांना रस लावून बोटे लांब केली, तेव्हा बारीक तार सुटली.

लिंबाच्या रसाने मला अधिक विचारात टाकले. लिंबामुळे रंग बदलण्याची क्रिया मंदावते, त्यामुळे तो रस सायंकाळपर्यंत फिकट आणि देखणा राहिला. बुडबुडे मात्र त्यातही जवळजवळ त्याच सुमारास दिसू लागले, कारण किण्वांना आम्लतेची फारशी अडचण होत नाही. म्हणजे लिंबू घातलेला रस पाहून तो ताजा आहे असे समजणे चुकीचे ठरते. फ्रिजमधला रस दुसऱ्या दिवशी सकाळी गोड होता आणि संध्याकाळपर्यंत आंबूस झाला. या निरीक्षणावरून आणि कारखान्यातल्या अनुभवावरून माझे मत असे की, उन्हाळ्यात रस काढल्यापासून अर्ध्या तासात प्यावा आणि घरी न्यायचा असेल, तर बर्फाविना न्यावा, थेट फ्रिजमध्ये ठेवावा आणि त्याच दिवशी संपवावा. गाडीच्या डिकीत तीन तास फिरलेली पार्सलची बाटली फ्रिजमध्ये ठेवून काही साधत नाही.

फळांच्या रसाबद्दल थोडक्यात सांगतो. मोसंबी, संत्रे आणि अननस आंबट असल्यामुळे त्यांच्या रसात जिवाणूंची वाढ सावकाश होते. मोसंबीचा रस ठेवला की कडवट होतो, त्यामुळे तो शिळा विकणेही अवघड जाते. कलिंगड आणि खरबूज यांचे तसे नाही. त्यांच्यात आम्लता फारच कमी असते. सकाळी कापून काचेच्या पेटीत ठेवलेल्या फोडी किंवा बरणीत काढून ठेवलेला कलिंगडाचा रस याला उसाच्या रसाचेच नियम लावले पाहिजेत.

आता बर्फाविषयी. आपण बर्फाला रस गार करण्याचे साधन समजतो, पण प्रत्यक्षात तो पेल्यातला एक मोठा घटक असतो. 200 ग्रॅम रस 33 अंशांवरून 8 अंशांवर आणायचा, तर त्यातून सुमारे 4500 कॅलरी उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम बर्फ वितळताना 80 कॅलरी घेतो आणि त्याचे पाणी 8 अंशांपर्यंत येताना आणखी 8 घेते. म्हणजे 50 ग्रॅमपेक्षा थोडा जास्तच बर्फ पेल्यात वितळतो. ग्राहक जे पितो, त्यातला पाचवा हिस्सा बर्फाचे पाणी असते. घरी पाणी उकळून आणि गाळून पिणारा माणूस रसवंतीवर एका पेल्यामागे तीन-चार मोठे चमचे अनोळखी पाणी न विचारता पितो. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्यावर संशय आला, तेव्हा आमच्या गावातही लोक टाकीच्या पाण्याची चौकशी करू लागले होते. बर्फाची चौकशी करताना मात्र कोणी आढळले नाही.

बाजारातला बर्फ लादीच्या रूपात येतो. कारखान्यात पत्र्याचे उंच डबे पाण्याने भरून गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली थंड केलेल्या मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि दीड-दोन दिवसांत शंभर किलोहून अधिक वजनाची लादी तयार होते. पाणी बाहेरून आत गोठत जाते आणि त्यात जे काही असेल, ते मधल्या भागाकडे ढकलले जाते, म्हणून लादीचा गाभा पांढुरका दिसतो. पाणी गोठल्याने त्यातले जिवाणू मरतात, हा समज मी सुशिक्षित लोकांकडूनही ऐकला आहे. काही मरतात, पण बरेचसे केवळ थांबून राहतात. आतड्याचे विकार करणारे विषाणू तर बर्फात अधिकच चांगले टिकतात. बर्फ रसात वितळून रस पुन्हा कोमट झाला की त्या थांबलेल्या जिवाणूंना गोड खाद्य मिळते. रस साठवून ठेवला आणि जिवाणू अर्ध्या तासाला दुप्पट झाले असे धरले, तर चार तासांत एकाचे 256 होतात. आंबलेला रस वासाने ओळखता येतो, पण बर्फातून आलेल्या टायफॉइडच्या जिवाणूला ना वास असतो, ना चव.

खाण्याचा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच असला पाहिजे, असा नियम आहे. मासळी आणि शीतगृहे यांसाठी लागणारा बर्फ अखाद्य म्हणून वेगळा धरला जातो. 2017 साली मुंबई महापालिकेने रस्त्यावरील विक्रेत्यांकडच्या बर्फाचे नमुने तपासले, तेव्हा बहुतांश नमुन्यांत ई-कोलाय हे विष्ठेतून येणारे जिवाणू आढळले होते. पुढच्याच वर्षी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फात खाद्यरंग मिसळून तो निळसर करणे बंधनकारक केले. नियम चांगला आहे, पण मी स्वतः आजवर निळी लादी एकदाही पाहिलेली नाही. शिवाय बर्फ पांढरा असणे याचा अर्थ त्यात रंग घातलेला नाही, एवढाच होतो.

आमच्या भागातल्या एका रसवंतीवर मी सलग चार सकाळी थांबून पाहिले. टेम्पो येतो, अर्धी लादी रस्त्याच्या कडेला सरकवतो आणि पुढे मासळी बाजाराकडे जातो. लादी गोणपाटात गुंडाळली जाते आणि लागेल तसा तिचा तुकडा लाकडी दांडक्याने फोडून रसाच्या भांड्यात सोडला जातो. मी मालकाला बर्फ कुठला, असे विचारले. ते म्हणाले, "काका, कारखाना कुठला ते आम्हालाही माहीत नाही. टेम्पोवाला उतरवून जातो, पावती मागितली तर उद्यापासून येणार नाही म्हणतो." या उत्तरात मला लबाडी वाटली नाही. त्यांच्या हातात जेवढे होते, तेवढे त्यांनी त्याच आठवड्यात केले. रसाचे स्टीलचे भांडे आता ते बर्फाने भरलेल्या मोठ्या पातेल्यात ठेवतात. बर्फ रसाला लागत नाही, रस थोडा कमी गार होतो, पण पेल्यात संपूर्ण रसच असतो. बर्फ घालू नका, असे सांगणाऱ्या ग्राहकालाही त्यामुळे कोमट रस प्यावा लागत नाही.

बर्फाच्या उगमाचा प्रश्न मात्र एकट्या रसवंतीवाल्याकडून सुटणारा नाही. माझी अन्न व औषध प्रशासनाला विनंती आहे की, नमुने गाड्यांवरून घेण्याआधी बर्फ कारखान्यांतून आणि टेम्पोंतून घ्यावेत आणि खाद्य बर्फाच्या प्रत्येक खेपेसोबत कारखान्याचे नाव, परवाना क्रमांक व तारीख असलेली पावती देणे सक्तीचे करावे. आपल्या दैनिकाने जिल्ह्यातील खाद्य बर्फाचा परवाना असलेल्या कारखान्यांची यादी प्रशासनाकडून मिळवून एप्रिलच्या आत छापली, तर आमचे रसवंतीवाले टेम्पोवाल्याला निदान कारखान्याचे नाव विचारू शकतील.

आपला,
एक निवृत्त केमिस्ट,
मिरज