बुद्धचरित्राआधीचे गुरू

पुणे

प्रिय विनायक,

परवा फोनवर तू म्हणालास, "केळुसकरांनी बाबासाहेबांना बुद्धचरित्र दिलं आणि पुढचं सगळं त्यातून घडलं." तेव्हा मी नुसता 'हो' म्हणालो, पण फोन ठेवल्यापासून ते मनातून जाईना. ती हकिगत पुन्हा मुळापासून वाचून काढली आणि आता तुला लिहायला बसलोय.

बाबासाहेबांनी ही गोष्ट स्वतः सांगितली आहे ती 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत. ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर निघाला आणि त्या पहिल्या आवृत्तीत ही प्रस्तावना नव्हती. त्यामुळे कितीतरी वाचकांना ही हकिगत चरित्रांतूनच ठाऊक झाली, आणि चरित्रांत ती थोडी वेगळी आहे.

ते लिहितात, आपण इंग्रजी चौथी पास झालो तेव्हा समाजातल्या लोकांना सत्काराची सभा घ्यायची होती. वडिलांनी साफ नकार दिला. मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणाले. मग मंडळी वडिलांचे स्नेही, लेखक दादा केळुसकर यांच्याकडे गेली, त्यांनी वडिलांचं मन वळवलं, सभेचं अध्यक्षपदही त्यांनीच घेतलं आणि भाषणाच्या शेवटी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र मुलाच्या हातात दिलं. धनंजय कीरांच्या चरित्रात मात्र हाच सत्कार १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा आहे. अध्यक्ष सीताराम केशव बोले, ज्यांचा सार्वजनिक पाणवठ्यांचा ठराव पुढे महाडच्या सत्याग्रहामागे उभा राहिला. शिवाय केळुसकरांची ओळखही तिथे वेगळी होते: चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला मुलगा त्यांच्या नजरेस पडतो.

मला विचारशील तर परीक्षा आणि अध्यक्ष यांच्या बाबतीत मी कीरांकडे झुकतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची आठवण पन्नास वर्षांनी लिहिताना इयत्ता इकडची तिकडे होऊ शकते. पण पुस्तक, देणारा आणि सत्काराची सभा या तिन्ही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत, त्यामुळे गाभा पक्का धरायला हरकत नाही. बागेतली भेट आणि वडिलांचा स्नेह हे एकमेकांना खोडत नाहीत. एकातून दुसरं होऊ शकतं.

पण विनायक, माझा जीव अडकलाय तो सभेच्या आधीच्या काही ओळींत. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी होते, आजोबा रामानंदी. वडिलांचा मूर्तिपूजेवर विश्वास नव्हता, तरी मुलांसाठी घरात गणपती पुजत, आणि ही विसंगती भीमरावांना लहानपणीच खटकली. रोज रात्री झोपण्याआधी भीमराव आणि थोरले बंधू यांना बहिणींपुढे आणि कथा ऐकायला जमलेल्या माणसांपुढे महाभारत-रामायणाचा काही भाग वाचावा लागे. हे वर्षानुवर्षं चाललं.

बुद्धचरित्र वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारलं: ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्रांची मानहानी सांगणारे हे ग्रंथ आम्ही का वाचायचे? पहिल्यांदा वडिलांनी दटावलं. आई लहानपणीच गेली होती, त्यामुळे वडिलांशी थोडी मोकळीक घेण्याची मुभा आपल्या एकट्यालाच होती, असं बाबासाहेब म्हणतात. काही दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं आणि या वेळी वडील उत्तर तयार करून बसले होते. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येणार. द्रोण आणि कर्ण बघा, लहान माणसं, पण कुठल्या कुठे गेली. वाल्मीकी तर कोळी होता. मुलाला त्यात तथ्य वाटलं, तरी समाधान झालं नाही. महाभारतातलं एकही पात्र आपल्याला आवडत नाही असं तो म्हणाला आणि का आवडत नाही तेही सांगून टाकलं. रामाचंही तसंच: शूर्पणखा, वाली, सीता. वडील गप्प राहिले.

हा संवाद दुसऱ्या कुणी ऐकलेला नाही, ही या पुराव्याची मर्यादा. तरी मी त्यावर विश्वास ठेवतो, कारण स्वतःला जिंकवण्यासाठी लिहिणारा माणूस वडिलांच्या युक्तिवादात बळ होतं असं कबूल करत नाही. आणि म्हणूनच केळुसकरांच्या आधी मी रामजींचं नाव घेतो. वाली-सुग्रीवाचा आणि शूर्पणखेचा प्रसंग नावानिशी काढून हरकत घ्यायची तर तो ग्रंथ तोंडपाठ असावा लागतो, आणि तो करून घेतला वडिलांनीच. केळुसकरांच्या पुस्तकाने दुसरी बाजू दिली. बाजू तपासायची सवय घरात रोज रात्री लागत होती.

केळुसकरांचं ऋण मी कमी लेखत नाही. पुढे मुलाला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढे त्यांनीच नेलं आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून एल्फिन्स्टन कॉलेज पुरं झालं. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक ड्यूई तर बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनावर लिहिलेल्या भाषणात 'माझे शिक्षक' म्हणून सांगितलेच आहेत. त्यांच्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

तुझ्याकडे कीरांची जुनी प्रत आहे ना? त्यातलं सत्काराचं पान बघ आणि मी म्हणतो ते तुला पटतं का ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर