नवरोजला शेजारी जायचंय

ती. आई-बाबा,
सा. न.

पाडव्याला येताय, तर परतीचं तिकीट २२ मार्चच्या आधीचं काढू नका. शेजारच्या इराणी आंटींनी २० तारखेला संध्याकाळी तुम्हालाही बोलावलंय. मागच्या वर्षी त्यांनी मला टेबलापाशी उभं करून सगळं समजावलं होतं. त्यातलं तुम्हाला लागेल तेवढं आधीच लिहिते, म्हणजे तिथे अवघडायला नको.

"पारशांचं नवं वर्ष ऑगस्टमध्ये असतं ना?" असं बाबा विचारणारच. ते शहेनशाही पंचांगाचं. त्यात लीप दिवस धरत नाहीत, म्हणून सण दर चार वर्षांनी एक दिवस अलीकडे सरकतो. २०२३ला तो १६ ऑगस्टला होता, २०२४ला १५ला आला. आंटींचे आजोबा इराणातल्या यज्दहून मुंबईत आले. त्यांच्याकडे वर्ष वसंतसंपाताला सुरू होतं, दिवस-रात्र समान होतात तेव्हा. यंदा तो क्षण २० मार्चला रात्री ८ वाजून १६ मिनिटांनी आहे. बाकीचे बरेचजण सरळ २१ मार्च धरतात, पण आंटी घड्याळ लावून बसतात. तेव्हा साडेसातला आपण तिथे हवं.

आत गेल्यावर "नवरोज मुबारक" म्हणायचं. "पतेती मुबारक" नको. पतेती हा शहेनशाही वर्षाचा शेवटचा दिवस, झाल्या चुकांची कबुली द्यायचा, त्याच्या शुभेच्छा कसल्या? मग आंटी गुलाबदाणीतून तुमच्या हातावर गुलाबपाणी शिंपडतील. ते चेहऱ्याला लावायचं आणि टेबलावरच्या आरशात बघायचं, हसत. बाबा, हसत म्हणजे हसतच. नव्या वर्षात स्वतःचं पहिलं दर्शन प्रसन्न हवं, असं त्यांचं म्हणणं.

टेबलावर पांढरी चादर, जरथुष्ट्राची तसबीर, दिवा, अवेस्ताची पोथी, रंगवलेली अंडी, नाणी आणि काचेच्या भांड्यात सोनेरी मासा असतो. शिवाय फारसीत 'स'ने सुरू होणाऱ्या सात वस्तू: सफरचंद, लसूण, व्हिनेगर, सुमाकची आंबट लाल पूड, संजद नावाचं सुकं फळ, गव्हाचे हिरवे अंकुर आणि समनू. अंकुर ताटलीत वाढवतात, आपल्या घटातल्या धान्यासारखे. तेराव्या दिवशी ते वाहत्या पाण्यात सोडतात.

समनू मात्र आईने नीट चाखून बघायला हवं. तपकिरी, दाट खिरीसारखं असतं आणि गोड लागतं, पण त्यात साखरेचा कणही नसतो. गव्हाला मोड आणतात, वाटून त्याचं दूध गाळतात, त्यात गव्हाचं पीठ कालवून मंद आचेवर तासन् तास ढवळतात. मोड येताना गव्हातल्या पिठाची साखर होऊ लागते, ती हीच गोडी. मोड पांढरे असतानाच गहू वाटायचा. हिरवा झाला की समनू कडवट होतं. आंटी ताटलीतले दोन दाणे उचलून टोकं बघतात, मगच वाटायला घेतात.

खायला रवो आणि सेव-दही असेल. ही पारशांची सणाच्या सकाळची न्याहारी, आंटी मुंबईच्या म्हणून रात्री करतात. रवो शिऱ्यापेक्षा खूप सैल असतो. तुपात रवा हलकाच भाजून भरपूर दुधात शिजवायचा, वर जायफळ-वेलची आणि तळलेले बदाम-बेदाणे. गार झाला की दाटतो, म्हणून चमच्यावरून सहज ओघळतोय तोवरच आच बंद करायची. काही घरांत त्यात अंडं घालतात. आंटी घालत नाहीत, मी विचारून घेतलंय. सेव म्हणजे शेवया, तुपात तांबूस परतून आधी पाण्यात मऊ करायच्या आणि साखर नंतरच घालायची. साखर आधी पडली तर शेवया ताठ राहतात, मग कितीही शिजवा. सोबतच्या दह्यात साखर आधीच असते, ती गरम दुधात विरघळवून मग विरजण लावतात. शेवयांबरोबर उकडलेली अंडी येतील, ती तुम्ही नको म्हणालात तरी कुणाला वाईट वाटत नाही.

लोबान जळत असलेल्या आफरगान्याला हात लावायचा नाही. बाबांना कॉलनीतली अग्यारी आतून बघायची फार दिवसांची इच्छा आहे, पण तिथे पारशी-इराणी जरथुष्ट्रींखेरीज कुणाला प्रवेश नसतो. तेवढं विचारू नका.

न्यायला मोगऱ्याचे गजरे पुरेत. आणि मोठ्यांनी लहानांच्या हातावर कोरी नोट ठेवायची असते. त्या खोलीत बाबाच सगळ्यांत मोठे असणार, तेव्हा बँकेतून दहाच्या कोऱ्या नोटांचं एक बंडल घेऊन या. इकडे मिळत नाहीत.

तुमची,
मनू