मुदतीपूर्वी रद्द केलेल्या वार्षिक कराराच्या परताव्याबाबत तक्रार

शहापूर, बेळगाव
दि. 3 मार्च 2025

मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, कोल्हापूर

विषय : परताव्याची रक्कम 1,795 रुपयांनी कमी धरल्याबाबत.

महोदय,

आमच्या साडीच्या दुकानातील बिलिंग सॉफ्टवेअर व यंत्राच्या देखभालीसाठी 12 ऑगस्ट 2024 ते 11 ऑगस्ट 2025 या 365 दिवसांचे 21,900 रुपये, अधिक 18 टक्के आयजीएसटी, आम्ही एकरकमी भरले होते. करारातील अटीप्रमाणे 30 दिवसांची सूचना देऊन आम्ही तो 10 फेब्रुवारी 2025 रोजी बंद केला. न वापरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळतील, असे त्याच करारात लिहिले आहे.

आपल्या हिशेबपत्रकात 21,900 ला बाराने भागून महिन्याला 1,825 रुपये धरले आहेत, इथवर ठीक. पण ऑगस्टचे वीस आणि फेब्रुवारीचे दहा दिवस हे दोन्ही पूर्ण महिने मोजून सात महिन्यांचे 12,775 रुपये खर्ची टाकले आणि 9,125 रुपये परतावा काढला आहे. या पद्धतीने करार पूर्ण वर्षभर चालला असता तर दोन्ही टोकांचे ऑगस्ट मिळून तेरा महिने झाले असते आणि खर्च 23,725 रुपये, म्हणजे आम्ही भरलेल्या रकमेहूनही जास्त, दिसला असता. पद्धत चुकीची असल्याचा याहून उघड पुरावा मला सापडत नाही.

आमच्या दिवाणजींनी पैसे भरले त्याच दिवशी ही रक्कम आगाऊ खर्चाच्या खात्यात टाकून खतावणीच्या समासात पेन्सिलीने ‘रोजचे 60’ असे लिहून ठेवले होते, आणि दरमहा त्या महिन्यात सेवेचे जितके दिवस, तितकाच खर्च नावे टाकला. त्यानुसार ऑगस्टचे 20 दिवस 1,200, सप्टेंबर ते जानेवारीचे 153 दिवस 9,180 आणि फेब्रुवारीचे 10 दिवस 600, असे 183 दिवसांचे 10,980 रुपये होतात. उरलेल्या 182 दिवसांचे 10,920 रुपये आमच्या वहीत आजही आपल्याकडून येणे आहेत. आपला आकडा मान्य केल्यास फरकाचे 1,795 रुपये, जी सेवा आम्हाला मिळालीच नाही तिच्यापोटी, खर्चात टाकावे लागतील.

पत्रकात कराचा तर उल्लेखच नाही. आपल्या कार्यालयात फोन केला असता ‘आमच्या संगणकात महिनाच धरला जातो’ एवढेच उत्तर मिळाले. करारात मात्र तसे कोठेही म्हटलेले नाही.

तरी 10,920 रुपये व त्यावरील आयजीएसटी 1,965.60, असे एकूण 12,885.60 रुपये परत करून त्याच रकमेची क्रेडिट नोट द्यावी, म्हणजे आम्ही घेतलेले कराचे क्रेडिट तेवढ्यापुरते उलटवता येईल. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याचा विचार करावा लागेल.

सोबत : करार, पावती, रद्द केल्याची सूचना व आगाऊ खर्चाच्या खात्याचा उतारा.

आपला विश्वासू,
(दुकानमालक)